वळवाच्या ढगाचं डोकं सपाट का असतं?

मे महिन्यातली दुपार. दोन-अडीचपर्यंत आभाळ कोरं असतं आणि मग सिंहगडाच्या बाजूला एक पांढरा कोंब वर यायला लागतो. तासाभरात त्याचा फुलकोबीसारखा डोंगर होतो. आपण त्याच्या खालीच असलो तर फक्त काळोख, धूळ आणि वारा. तोच ढग चाळीस-पन्नास किलोमीटर लांबून बघावा. वर वर चढणारा तो ढग एका उंचीला अडतो. खालून वाफेचा रेटा चालूच असतो, त्यामुळे अडलेला माथा आडवा पसरतो आणि लोहाराच्या ऐरणीसारखा दिसू लागतो. ढग जिथे अडला, तिथे वातावरणाचा पहिला थर संपला. इतक्या स्पष्टपणे ही सीमा दुसरीकडे कुठे दिसत नाही.

या पहिल्या थराला तपांबर म्हणतात. यात वर जावं तसं गार होत जातं, सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंश. पुण्यापेक्षा महाबळेश्वर सुमारे 800 मीटर उंच, म्हणून तिथे पाचेक अंशांनी गार. सूर्याच्या जवळ गेल्यावर गार कसं, हा लहानपणी सगळ्यांना पडणारा प्रश्न. पंधरा कोटी किलोमीटरच्या अंतरात 800 मीटरचं काय? ऊन बहुतांशी हवेतून आरपार येतं आणि जमिनीला तापवतं. हवा तापते ती त्या जमिनीमुळे, खालून, चुलीवरच्या पातेल्यासारखी. तापलेली हवा वर निघाली की भोवतालचा दाब कमी होतो, ती फुगते, आणि फुगण्यात तिची उष्णता खर्च होते.

आपल्या ढगाचाच हिशोब करू. जमिनीवर 38 अंश आहेत आणि हवेतल्या बाष्पाचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याचे थेंब होऊ लागतात ते, 18 अंश आहे असं धरा. वर निघालेली कोरडी हवा किलोमीटरला जवळजवळ 10 अंशांनी निवते. अडीच किलोमीटर चढेपर्यंत ती 13 अंशांवर येते. दाब घटल्यामुळे दवबिंदूही तोवर 18 वरून 13 अंशांच्या आसपास उतरलेला असतो. म्हणजे इथे बाष्पाचे थेंब होणार, आणि हाच ढगाचा सपाट तळ. थेंब होताना बाष्पातली उष्णता बाहेर पडते, त्यामुळे ढगातली हवा आता सावकाश निवते. आजूबाजूच्या हवेपेक्षा ती गरम, म्हणून हलकी राहते आणि चढत जाते.

सोळा-सतरा किलोमीटरवर मात्र डाव उलटतो. तिथे भोवतालची हवा उणे 75 ते 80 अंश असते, आणि त्याच्यावर ती आणखी गार होण्याऐवजी गरम होऊ लागते. ढगातून आलेली हवा आता आजूबाजूपेक्षा थंड आणि जड ठरते. जोरात आलेली असेल तर वेगाच्या भरात किलोमीटर-दोन किलोमीटर वर मुसंडी मारते, ऐरणीवर एक टेंगूळ दिसतं, आणि परत खाली बसते. गार हवेवर गरम हवा बसली की तिचं झाकण होतं. हेच झाकण छोट्या प्रमाणात बघायचं असेल तर थंडीतल्या पहाटे पर्वतीवर जावं. शहराचा धूर एका पातळीला येऊन पसरलेला असतो आणि ऊन वर येईपर्यंत तिथेच राहतो. फक्त ते झाकण जमिनीपासून थोडंच वर असतं आणि दहा वाजेपर्यंत उघडतं. आपल्या ढगावरचं कायमचं आहे. त्याला तपस्तब्धी म्हणतात. ध्रुवांकडे ती आठ-नऊ किलोमीटरवरच असते.

हे झाकण सापडलं तेव्हा शोधणाऱ्याचाच विश्वास बसेना. फ्रान्समधले तिसेराँ द बोर पॅरिसजवळून माणसाविना फुगे सोडत, त्यांना तापमान नोंदणारी यंत्रं बांधलेली असत. अकरा किलोमीटरच्या वर पारा उतरायचाच थांबे. तेव्हाची समजूत अशी की हवा वरपर्यंत गारच होत जाणार. मग यंत्रावर ऊन पडून ते तापत असेल का? म्हणून त्यांनी रात्रीचे फुगे सोडले. आकडा तोच. दोनशेहून अधिक उड्डाणं झाल्यावर, 1902 मध्ये, त्यांनी तो जाहीर केला. त्याच वर्षी जर्मनीत रिखार्ड आसमान यांनीही स्वतंत्रपणे तेच सांगितलं. एका विचित्र आकड्याला चूक म्हणून खोडून न टाकता तो दोनशे वेळा तपासणं, हा भाग मला शोधापेक्षाही आवडतो.

झाकणाच्या वर स्थितांबर. इथे उष्णता खालून येत नाही, जागेवरच तयार होते. सूर्याचे अतिनील किरण ओझोन शोषून घेतो आणि त्यात हवा तापते. ओझोन सर्वांत दाट वीस-पंचवीस किलोमीटरवर असतो, पण सर्वांत गरम असते पन्नास किलोमीटरवरची हवा, जवळपास शून्य अंश. कारण किरण वरून येतात, त्यांचा बराच भाग वरच्या वरच अडतो, आणि तिथली हवा इतकी विरळ की थोड्या उष्णतेनेही चटकन तापते.

खाली गार आणि वर गरम असल्यामुळे इथे हवा उभी ढवळली जात नाही. आडवे वारे असतात, पण पाऊस नाही. याचा परिणाम काय होतो ते फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीने दाखवलं. 15 जून 1991 रोजी त्याचा मोठा स्फोट झाला आणि नेमकं त्याच दिवशी तिथे चक्रीवादळही आलं होतं. तपांबरातली राख पावसात भिजून घरांच्या छपरांवर बसली आणि त्या ओल्या ओझ्याने छपरं कोसळली. हवेतली राख अशी लवकर खाली आली. पण सुमारे दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड झाकण फोडून स्थितांबरात पोचला होता. तिथे त्याला धुऊन काढायला पाऊसच नव्हता. त्याचे आम्लाचे बारीक थेंब झाले, तीनेक आठवड्यांत पृथ्वीला वेढा पडला, आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं. स्फोट एकच, पण एका थरातली राख लगेच खाली आली आणि दुसऱ्या थरातले थेंब दोन वर्षं तरंगत राहिले.

पन्नास किलोमीटरच्या वर ओझोन संपत येतो आणि हवा पुन्हा निवू लागते. हे मध्यांबर. पंचाऐंशी-नव्वद किलोमीटरवर उणे 90 अंश, वातावरणातली सर्वांत गार जागा. डिसेंबरात गच्चीवर झोपून जेमिनिड उल्का बघतो त्या याच पट्ट्यात आणि त्याच्या थोड्या वर जळतात. मोजायला हा थर फार अडचणीचा. हवामानखात्याचे फुगे तीस-पस्तीस किलोमीटरवर फुटतात, आणि उपग्रह इतक्या खाली फिरवला तर पडतो. म्हणून इथे छोटी रॉकेटं लागतात. थुंब्याहून 21 नोव्हेंबर 1963 ला उडालेलं भारतातलं पहिलं रॉकेट अशाच कामासाठी होतं. वर जाऊन त्याने सोडियमची वाफ सोडली आणि तो नारिंगी ढग कसा सरकतो त्यावरून वरचे वारे मोजले.

त्याच्या वर उष्मांबर. तिथे तापमान हजार अंशांच्याही वर जातं, पण थर्मामीटर धरला तर तो गोठेल. सूर्याच्या तीव्र किरणांनी एकेक कण भन्नाट वेगाने धावत असतो, मात्र कण इतके थोडे की त्यांच्याकडून ऊब मिळत नाही. तरीही ती हवाच आहे. 400 किलोमीटरवरचं अंतराळ स्थानक तिच्या घर्षणाने महिन्याला साधारण दोन किलोमीटर खाली घसरतं आणि इंजिन लावून त्याला परत वर ढकलावं लागतं. सूर्यावर उद्रेक झाले की हा थर तापून फुगतो. फेब्रुवारी 2022 मध्ये स्टारलिंकचे 49 उपग्रह सुमारे 210 किलोमीटरच्या कक्षेत सोडले होते. दुसऱ्याच दिवशी सौरवादळामुळे तिथली हवा दाट झाली. घर्षण कमी व्हावं म्हणून कंपनीने उपग्रह कडेवर, कागद आडवा धरावा तसे वळवून पाहिले. त्यातले चाळीसच्या आसपास वर चढू शकले नाहीत आणि काही दिवसांत खाली येऊन जळून गेले.