डीपीसी विलंब आणि दोषी ड्रायव्हरचा शोध

विंडोज संगणकावर आवाज मध्येच तडतडणे किंवा खेळताना चित्र क्षणभर अडखळणे, यामागचे एक नेहमीचे कारण म्हणजे डीपीसी विलंब. एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर प्रोसेसरचा एक कोअर हवा त्याहून जास्त वेळ अडवून ठेवतो आणि तेवढ्यात आवाजाचा किंवा चित्राचा पुढचा तुकडा वेळेवर तयार होत नाही. ही अडवणूक बहुधा काही मिलिसेकंदांचीच असते. त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर आठ-दहा टक्केच वापरात दिसतो, मेमरी मोकळी असते आणि आवाज तरीही फाटतो.

नेटवर्क कार्ड, यूएसबी, ग्राफिक्स अशी उपकरणे प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी इंटरप्ट पाठवतात. कोअर हातातले काम जागच्या जागी सोडतो आणि त्या ड्रायव्हरचे आयएसआर हे छोटे रूटीन चालवतो. आयएसआरने जेमतेम गरजेपुरते काम करायचे आणि उरलेले डीपीसीच्या, म्हणजे जरा मागाहून करायच्या कामांच्या, रांगेत टाकायचे, अशी विंडोजची रचना आहे. डीपीसी चालू असेपर्यंत त्या कोअरवर कोणत्याही प्रोग्रॅमला पाळी मिळत नाही. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅमची प्रायॉरिटी वाढवण्याचा सल्ला इथे कुचकामी ठरतो. सर्वांत वरच्या प्रायॉरिटीचा प्रोग्रॅमही डीपीसीच्या खालीच येतो. आयएसआर 25 मायक्रोसेकंदांत आणि डीपीसी 100 मायक्रोसेकंदांत आटोपावे, असे मायक्रोसॉफ्ट ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगते. मात्र ही मर्यादा कुणी सक्तीने पाळायला लावत नाही.

आवाज बफरमधून जातो. 48,000 हर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर म्हणजे 2.67 मिलिसेकंदांची शिदोरी. एखादे डीपीसी तीन मिलिसेकंद रेंगाळले आणि ध्वनीचे काम नेमके त्याच कोअरवर अडकले, तर बफर रिकामा पडतो. कानाला ‘तड्’ ऐकू येते ते तेव्हा. बफर 1024 केला की 21.33 मिलिसेकंद हाताशी येतात आणि तडतड बहुधा थांबते. पण हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येऊ लागतो, त्यामुळे गाणाऱ्या-बोलणाऱ्याला हा उपाय परवडत नाही. चित्राचेही तसेच आहे. 60 हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला 16.67 मिलिसेकंद मिळतात. खेळ त्यातले पंधरा वापरत असेल, तर तीन मिलिसेकंदांचे डीपीसी ती फ्रेम चुकवते आणि आधीचीच फ्रेम पुन्हा दिसते. फ्रेमची सरासरी जवळपास तशीच राहते, म्हणून सरासरी दाखवणारा आकडा इथे काही सांगत नाही.

दोषी ड्रायव्हर शोधण्याची रीत एका नमुना उदाहरणावरून समजून घेता येईल. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये, आतल्या खोलीत, एक निवेदिका लॅपटॉप आणि यूएसबी इंटरफेसवर श्राव्यपुस्तके मुद्रित करते. बफर 128 चा आहे. दर दोन-तीन मिनिटांनी एक तडतड येते, वाचन थांबलेले असतानाही. दुकानदाराच्या सांगण्यावरून आधी केबल बदलली, मग इंटरफेस बदलला, पण फरक शून्य.

अशा वेळी पहिले साधन LatencyMon, म्हणजे कोणता ड्रायव्हर किती वेळ घेतो ते मोजणारा प्रोग्रॅम. मुद्रण जसे चालते तशाच स्थितीत, म्हणजे तोच प्रोग्रॅम उघडा आणि लॅपटॉप चार्जरवर, ते पंधरा मिनिटे चालवायचे. खालची पट्टी लाल झाली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. एखादा जड प्रोग्रॅम उघडला तरी ती लाल होते. खरे काम Drivers या टॅबवर असते. तिथे Highest execution (ms) या रकान्यानुसार क्रम लावायचा. आपल्या उदाहरणात सर्वांत वर ndis.sys येते 3.4 वर, त्याखाली dxgkrnl.sys 0.4 आणि Wdf01000.sys 0.2.

बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. ndis.sys हे नाव सापडले की ती फाइल ‘दुरुस्त’ करण्याच्या किंवा विंडोज नव्याने टाकण्याच्या मागे लोक लागतात. पण ndis.sys हा विंडोजचाच घटक आहे. नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर त्याच्या छत्राखाली चालतात आणि त्यांनी खर्च केलेला वेळ त्याच्या नावे लागतो. Wdf01000.sys आणि यूएसबी-ग्राफिक्सचे सामायिक घटक यांचीही गत हीच. यादीतले पहिले नाव फक्त कुठल्या गल्लीत शोधायचे ते सांगते.

गल्ली बरोबर आहे का, हे पाहायला एअरप्लेन मोड पुरतो. वाय-फाय बंद करून तेवढीच पंधरा मिनिटे मोजले आणि तडतड गेली, तर संशय पक्का झाला. आता छत्राखालचा ड्रायव्हर ओळखायचा. त्यासाठी विंडोजमध्ये आधीपासून असलेले wpr हे प्रोसेसरच्या कामाची नोंद ठेवणारे साधन वापरता येते. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि

```
wpr -start CPU
wpr -stop C:\dpc.etl
```

यांतली पहिली ओळ देऊन वाट पाहायची. तडतड ऐकू आली की लगेच दुसरी द्यायची. नोंद मेमरीत फिरत्या बफरमध्ये होते आणि नवी नोंद जुनी पुसत जाते, म्हणून रेंगाळले तर हवा तो क्षण हातचा जातो. ही फाइल Windows Performance Analyzer मध्ये उघडून DPC/ISR च्या आलेखात सर्वांत लांब पट्टी शोधायची. तेवढाच काळ निवडून CPU Usage (Sampled) मध्ये स्टॅक उलगडायचा. सॅम्पल साधारण दर मिलिसेकंदाला एक घेतले जाते, त्यामुळे 3.4 मिलिसेकंदांच्या डीपीसीत ते तीन-चारच मिळतात. एवढ्याने काम भागते. ndis.sys च्या पुढच्या पायरीवर प्रत्येक वेळी तीच एक फाइल दिसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या Driver Details मध्ये तेच नाव सापडले की ओळख पटली.

राउटर हॉलमध्ये, खोली आत, आणि टॉवरमध्ये शेजारपाजारची डझनावारी वाय-फाय जाळी. सिग्नल कमकुवत असला की कार्ड अधूनमधून दुसरी जाळी चाचपते आणि हा ड्रायव्हर त्या कामात डीपीसी लांबवतो. लॅपटॉप बनवणाऱ्याने दिलेला नवा ड्रायव्हर घातल्यावर आकडा 2.9 वर आला, म्हणजे बफरपेक्षा अजूनही मोठाच. शेवटी राउटरपासून लॅनची केबल ओढली, मुद्रणाच्या वेळी वाय-फाय कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून बंद ठेवले आणि पुन्हा पंधरा मिनिटे मोजले. आता ndis.sys 0.2 वर. लॅनचा सगळा व्यवहारही त्याच्यातूनच चालतो, म्हणजे तो निर्दोष असल्याचा पुरावाही आपसूक मिळाला.

प्रत्येक तडतडीचा उगम ड्रायव्हरमध्येच असतो असे मात्र नाही. डिस्कवरून पान मेमरीत आणावे लागले, म्हणजे हार्ड पेजफॉल्ट झाला, तरी आवाज तुटतो. LatencyMon ते Processes टॅबवर वेगळे मोजते. आणखी चकवणारा प्रकार म्हणजे एसएमआय. मदरबोर्डचे फर्मवेअर विंडोजच्या नकळत प्रोसेसर ताब्यात घेते. अशा वेळी कोणत्याच ड्रायव्हरसमोर मोठा आकडा दिसत नाही, पण LatencyMon मोजत असलेला एकूण विलंब उसळलेला असतो. तिथे ड्रायव्हर बदलत बसण्यापेक्षा बायोस अद्ययावत करून पाहावे. तेवढ्यानेही भागले नाही, तर त्या लॅपटॉपवर मोठा बफर लावूनच काम करावे लागते.