प्रवाळ-बागकाम : अंडविसर्जन, डिंभांचा प्रवास आणि उजाड भित्तींची लावणी

जिवंत प्रवाळाचे छोटे तुकडे समुद्रातल्या रोपवाटिकेत वाढवायचे आणि मग मोडलेल्या, उजाड झालेल्या प्रवाळभित्तीवर नेऊन लावायचे, या पद्धतीला प्रवाळ-बागकाम म्हणतात. शब्द बागेतले असले तरी प्रवाळ हा प्राणी आहे. बोटाएवढ्या फांदीवरही पॉलिप नावाचे शेकडो चिमुकले तोंडवाले जीव असतात आणि संपूर्ण वसाहत सहसा एकाच पॉलिपपासून कळ्या फुटत वाढलेली असते. त्यामुळे फांदी मोडून पडली तरी ती मरतेच असे नाही. घट्ट जागा मिळाली तर तिथेच चिकटून ती वाढू लागते. बागकामाचा सगळा आधार हा गुण आहे. त्याची मर्यादाही इथेच आहे, कारण अशा तुकड्यांतून कितीही वसाहती उभ्या केल्या तरी जनुकीयदृष्ट्या त्या एकच जीव राहतात. नवे जीव फक्त अंडी आणि शुक्राणूंच्या मीलनातून जन्मतात.

अंडविसर्जन

काही प्रवाळ आपले डिंभ, म्हणजे पोहणारी चिमुकली पिल्ले, पोटातच वाढवून बाहेर सोडतात. भित्ती बांधणाऱ्या बहुसंख्य जाती मात्र अंडी आणि शुक्राणू थेट पाण्यात सोडतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी हे सामूहिक विसर्जन रात्री पाण्यात उतरून पाहिले. तोवर डिंभ पोटात वाढवणे हाच प्रवाळांचा सर्वसाधारण रिवाज आहे, अशी समजूत होती. प्रत्यक्षात वसंताच्या अखेरीस, पौर्णिमेनंतरच्या चौथ्या ते सहाव्या रात्रीच्या सुमारास, शंभराहून अधिक जाती काही तासांच्या अंतराने आपले बीज सोडत होत्या.

हा मुहूर्त तीन खुणांवर ठरतो. पाणी कोमट होऊ लागले की महिना ठरतो, चंद्रावरून रात्र ठरते आणि सूर्यास्तावरून तास. चंद्राची खूण विशेष मजेदार आहे. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणून सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामध्ये काळोखाचा एक तुकडा तयार होतो आणि तो रोज लांबत जातो. निदान काही जातींत तरी हा काळोखच विसर्जनाचा इशारा असतो, असे प्रयोगांत दिसले आहे. किनाऱ्यावरच्या दिव्यांच्या उजेडात हा काळोख हरवला की विसर्जनाची रात्र सरकते. सगळ्या वसाहती सारख्याच सरकल्या तर फारसे बिघडत नाही. काही सरकल्या आणि काही जागीच राहिल्या, तर त्यांची गाठच पडत नाही.

भित्तीवर काम करणारे लोक मुहूर्ताचा अंदाज एका साध्या खुणेवरून घेतात. अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळ-गटातल्या फांदीदार जातीची एखादी फांदी टोकापासून काही सेंटिमीटर खाली मोडून ते आतली अंडी पाहतात. टोकाकडचा भाग नुकता वाढलेला असतो आणि त्यात अंडी नसतात, म्हणून तिथे पाहून उपयोग नाही. अंडी पांढरी असतील तर अजून अवकाश आहे. गुलाबी किंवा लालसर दिसली तर येत्या पौर्णिमेनंतर विसर्जन होण्याचा संभव मोठा. त्या रात्री प्रत्येक पॉलिपच्या तोंडाशी एक गुलाबी गोळी येऊन थांबते. तिच्यात अंडी आणि शुक्राणू एकत्र बांधलेले असतात. पुढच्या तासाभरात गोळ्या सुटतात आणि अंड्यांतल्या चरबीमुळे तरंगत वर येतात. पृष्ठभागावर आल्यावर त्या फुटतात.

मीलनासाठी लागणारे अंतर

अ‍ॅक्रोपोरा उभयलिंगी असला तरी स्वतःच्या शुक्राणूंनी त्याची अंडी सहसा फळत नाहीत. जवळच दुसऱ्या कुळाची, म्हणजे त्याच जातीची पण वेगळ्या अंड्यातून जन्मलेली, वसाहत हवी आणि तीही त्याच रात्री, त्याच तासात बीज सोडणारी. शुक्राणू पाण्यात झपाट्याने विरळ होतात आणि गोळी फुटल्यानंतरच्या काही तासांत त्यांचा जोरही ओसरतो.

हे अंतर किती असावे, याचे मोजमाप पॅसिफिकमधील पलाऊ येथे अ‍ॅक्रोपोरा हायासिंथस या टेबलासारख्या पसरट जातीवर झाले. वसाहती अर्ध्या मीटरवर असताना सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास अंडी फळली. अंतर १० मीटर झाल्यावर प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आले आणि २० मीटरवर जवळजवळ शून्य झाले. प्रवाळांच्या पुनर्लागवडीबद्दल एकच आकडा लक्षात ठेवायचा तर हा ठेवावा. एखाद्या भित्तीवर पन्नास वसाहती जिवंत आहेत, असे पाहणीत दिसले म्हणून ती भित्ती प्रजननक्षम ठरत नाही. त्या वीस-वीस मीटरवर विखुरलेल्या असतील, तर दर वर्षी त्या नेमाने बीज सोडतील आणि ते वाया जाईल. वरून पाहणाऱ्याला मात्र सगळे ठीकच वाटेल.

डिंभांचा प्रवास

फळलेल्या अंड्यापासून दीड-दोन दिवसांत प्लॅन्युला नावाचा डिंभ तयार होतो. तो मिलिमीटरभरही लांब नसतो. अंगावरच्या सूक्ष्म केसांनी तो पोहतो, पण प्रवाहापुढे त्याचे काही चालत नाही, म्हणून आडव्या दिशेने तो वाहतच जातो. त्याच्या हातात असते ते वर-खाली होणे. पहिले काही दिवस तो पृष्ठभागाजवळ असतो आणि नंतर तळाकडे वळतो. बहुतेक जातींचे डिंभ चार ते सात दिवसांत बूड टेकायला तयार होतात. काही जातींचे डिंभ प्रयोगशाळेत शंभराहून अधिक दिवस जगले आहेत. यावरून डिंभ नेहमी दूरदूर जातात, असा अर्थ काढू नये. तयार झाल्यावर जागा मिळाली की ते उतरतात, आणि बरेचसे जन्मभित्तीच्या आसपासच राहतात.

जागा निवडताना मात्र डिंभ फार चोखंदळ असतो. खडकावर गुलाबी पापुद्र्यासारखे पसरणारे चुनखडीयुक्त शैवल आणि त्यावरचे जिवाणू यांच्या रासायनिक वासावर तो जागा ओळखतो. कपारीसारखी आडोशाची जागा त्याला आवडते. खडकावर गवतासारखे शैवल माजले असेल किंवा गाळ साचला असेल तर तो उतरत नाही, आणि उतरला तरी टिकत नाही. सुरुंग लावून केलेल्या मासेमारीने भित्तीचा चुरा होतो, तेव्हा अडचण वेगळी असते. डिंभ चुऱ्यावर बसतो, पण पुढच्या वादळात तो तुकडाच उलटतो आणि नवा पॉलिप खाली चिरडला जातो. बसलेल्या डिंभांपैकी बहुसंख्य पहिल्याच वर्षात मरतात. शैवल कुरतडणारे मासेही चरता चरता त्यांना खरवडून नेतात.

बागकाम

या साखळीची कोणतीही कडी तुटली की भित्ती आपणहून सावरत नाही. पालक विरळ झाले की अंडी फळत नाहीत, म्हणून डिंभ नाहीत, आणि डिंभ नाहीत म्हणून पालक आणखी विरळ होतात. हे चक्र तोडण्यासाठी इस्रायली संशोधक बारूक रिंकेविच यांनी १९९५ मध्ये आधी रोपवाटिका आणि मग लावणी अशी दोन टप्प्यांची पद्धत मांडली. तुकडे थेट उजाड भित्तीवर लावले तर फार मरतात. मधल्या पाण्यात टांगून वाढवले तर गाळ, शैवल आणि प्रवाळ खाणाऱ्या गोगलगायी यांपासून ते बऱ्याच अंशी वाचतात.

फ्लोरिडात हे काम मोठ्या प्रमाणावर झाले. तिथल्या शिंगांसारख्या दोन फांदीदार जाती, अ‍ॅक्रोपोरा सर्व्हिकॉर्निस आणि अ‍ॅक्रोपोरा पाल्माटा, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पांढऱ्या पट्ट्याच्या रोगाने झपाट्याने कमी झाल्या. १९८३-८४ मध्ये शैवल खाणारे काळे समुद्री साळू साथीत मेल्यावर खडकांवर शैवल माजले आणि डिंभांना बसायला स्वच्छ जागाही उरली नाही. रोपवाटिकेत प्लॅस्टिकच्या नळीचे एक ‘झाड’ तळाला बांधून पाण्यात तरंगत उभे ठेवतात आणि त्याच्या आडव्या दांड्यांना मासेमारीच्या दोरीने बोटाएवढे तुकडे टांगतात. ते वाऱ्यावर डुलावेत तसे प्रवाहात हलत राहतात, चहूबाजूंनी वाढतात आणि त्यांच्यावर गाळ बसत नाही. साधारण सहा ते बारा महिन्यांत तुकडा लावणीजोगा होतो. मग खडक खरवडून साफ करतात आणि सागरी चिकटमातीने किंवा खिळा-पट्ट्याने तुकडा पक्का बसवतात. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि चुकाही इथेच होतात. तुकडा हलत राहिला तर त्याचे बूड खडकावर पसरत नाही आणि पहिल्या वादळात तो निघून जातो. लावल्यानंतर काही आठवड्यांत बुडाशी जिवंत ऊती खडकावर चढलेली दिसली, की लावणी धरली असे समजावे.

प्रजननाच्या दृष्टीने त्याहून मोठी चूक म्हणजे एकाच जोमदार वसाहतीचे तुकडे सगळीकडे लावणे. अशी बाग वर्षभरात डोळ्यांत भरते, छायाचित्रेही छान येतात, पण विसर्जनाच्या रात्री तिथे सगळे एकाच कुळाचे बीज तरंगते आणि अंडी फळत नाहीत. त्यामुळे जाणकार रोपवाटिकांत प्रत्येक कुळाची वेगळी नोंद ठेवतात आणि लावताना वेगवेगळ्या कुळांचे तुकडे शेजारी-शेजारी, काही मीटरच्या आतच लावतात. लावणीची पाहणीही बहुतेकदा फार लवकर थांबते. जगभरच्या प्रकल्पांच्या २०२० सालच्या एका आढाव्यात जगण्याचे प्रमाण सरासरी ६० ते ७० टक्के निघाले, पण निम्म्याहून अधिक प्रकल्पांनी दीड वर्षही नोंदी ठेवल्या नव्हत्या. अ‍ॅक्रोपोराला अंडी धरण्याजोगे वाढायला साधारण तीन-चार वर्षे लागतात. म्हणजे लावलेले प्रवाळ वंश वाढवतात की नाही, हा प्रश्न विचारण्याआधीच बहुतेक हिशेब बंद झालेले असतात.

दुसरा मार्ग डिंभच पेरण्याचा आहे. फिलिपिन्समध्ये बोलिनाओजवळ, सुरुंगी मासेमारीने मोडलेल्या भित्तीवर, २०१३ मध्ये अ‍ॅक्रोपोरा टेन्युइसचे डिंभ टाकीत वाढवले गेले. नंतर ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद अशा प्रत्येक वाफ्यावर बारीक जाळी अंथरून तिच्याखाली सुमारे ४ लाख डिंभ सोडले. जाळीमुळे ते वाहून गेले नाहीत आणि पाच दिवसांत खालच्या खडकावर बसले. यातले बहुतेक मेलेच, ते अपेक्षितही होते. पण जे उरले ते वेगवेगळ्या जोड्यांची संतती होते आणि शेजारी-शेजारी वाढले. तीन वर्षांनी त्यांनी स्वतःचे बीज सोडले.

उष्णतेपुढे मात्र दोन्ही पद्धती हतबल ठरतात. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या पाण्याचे तापमान इतके चढले की रोपवाटिकांतले तुकडे घाईने काढून किनाऱ्यावरच्या टाक्यांत हलवावे लागले. फ्लोरिडा कीज आणि ड्राय टॉर्टुगास भागातल्या त्या दोन्ही शिंगधारी जातींच्या जवळजवळ सगळ्या वसाहती, लावलेल्याही आणि मूळच्याही, त्या एका हंगामात मेल्या. टाक्यांत उरलेल्या अ‍ॅक्रोपोरा पाल्माटाच्या कुळांचा संकर पुढे होंडुरासच्या अधिक गरम पाण्यातून आणलेल्या कुळांशी करण्यात आला, आणि त्या संततीची रोपे २०२५ च्या जुलैमध्ये मायामीजवळच्या भित्तीवर लावली गेली.