कॉलमला हनीकोंब आलंय, सळई दिसतेय? दुरुस्ती नेमकी कशी होते ते वाचा

शटरिंग खोललं की कॉलमच्या तळाशी कधी कधी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भाग दिसतो. खडी सुटी, मधे पोकळ्या आणि आत सळई उघडी. मिस्त्री म्हणतो, "काही नाही साहेब, संध्याकाळी माल मारून घेतो." ग्राहकांचा फोन आम्हाला बहुतेक वेळा या वाक्यानंतरच येतो. काही वेळा तो माल मारून झाल्यावर येतो, आणि मग आधी तो काढावा लागतो.

पोळं तळाशीच का येतं, याचं कारण साधं आहे. कॉलमच्या तळाशी आधी भरलेला छोटा ठोकळा, म्हणजे स्टार्टर, आणि शटरिंगची फळी यांच्यामधली फट नीट बुजवलेली नसेल, तर सिमेंटची स्लरी तिथून वाहून जाते आणि खडी तेवढी मागे राहते. त्यातच खालच्या सळ्यांचं लॅपिंग, म्हणजे वरच्या सळ्यांशी जोड, त्या जागी असतं. सळ्यांची गर्दी, वरून दहा फुटांवरून ओतलेलं काँक्रीट आणि तळापर्यंत न पोचलेली व्हायब्रेटरची निडल, हे सगळं एकाच ठिकाणी जमतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीट दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सोडू नये. साइटवर हा नियम किती पाळला जातो, हे तुम्ही पाहिलंच असेल.

दुरुस्तीत आम्ही काय करतो, ते एका नेहमीच्या कॉलमवर सांगतो. ९ इंच बाय १८ इंचाचा म्हणजे २३० बाय ४५० मिलिमीटरचा कॉलम, १६ मिलिमीटरच्या सळ्या, ८ मिलिमीटरच्या रिंगा, रिंगांवर ४० मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर. १८ इंची तोंडावर तळापासून ४०० मिलिमीटर उंच आणि ३०० मिलिमीटर रुंद पोळं आहे, दोन सळ्या दिसताहेत. वर पहिला स्लॅब पडलेला आहे.

पाहणीला आलो की पहिलं काम हातोडीचं. दिसणाऱ्या पोळ्याच्या चारी बाजूंनी ठोकत जातो. भरीव काँक्रीट ठण वाजतं, आतून पोकळ असेल तिथं आवाज भद्द येतो. खराब भाग दिसतो त्यापेक्षा बहुधा मोठाच निघतो, म्हणून भद्द आवाज संपेपर्यंत खडूने रेघ मारतो. कॉलमच्या मागच्या बाजूलाही ठोकतो. पोळं आरपार गेलंय अशी शंका आली, तर अल्ट्रासॉनिक चाचणी करायला सांगतो आणि तोपर्यंत छिन्नी लावत नाही.

आता या पत्रकातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण बहुतेकांना तो माहीत नसतो. आमच्या नमुन्यात सुटी खडी ५०-५५ मिलिमीटर खोल आहे. कव्हरचे ४० आणि रिंगचे ८ सोडले, की मुख्य सळई ४८ मिलिमीटरवर सुरू होते. म्हणजे ती जवळपास अर्धी उघडी पडली. अर्धी सळई उघडी आणि अर्धी जुन्या काँक्रीटमध्ये असं ठेवून वरून मॉर्टर चोपडला, तर त्याला सळईची पकड मिळत नाही. म्हणून सळईच्या मागे आणखी २० मिलिमीटर, म्हणजे बोट आरामात फिरेल इतकं खोदावं लागतं. बेरीज करा: ४०, ८, १६ आणि २०, झाले ८४ मिलिमीटर. दोन इंचाचं दिसणारं पोळं फोडल्यावर साडेतीन इंचाच्या आसपास जातं.

आणि ३०० गुणिले ८४ म्हणजे सुमारे २५,००० चौरस मिलिमीटर. कॉलमचा पूर्ण छेद आहे १,०३,५०० चौरस मिलिमीटर. म्हणजे दुरुस्तीच्या मधल्या दिवसांत आम्ही तुमच्या कॉलमचा जवळजवळ पाव भाग काढून घेतलेला असतो, आणि वरचा स्लॅब काही थांबत नाही. म्हणून आधी प्रॉप म्हणजे टेकू, मग छिन्नी. कॉलमला मिळणाऱ्या बीमांखाली जॅकचे प्रॉप कुठे आणि किती लावायचे, हे तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून द्यायचं असतं. त्यांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही भार असलेला कॉलम फोडत नाही, मग ग्राहक कितीही ओळखीचा असो. प्रॉपला दुसरंही कारण आहे. मॉर्टर भरताना जो भार उरलेल्या काँक्रीटवर बसलेला असतो, तो तसाच तिथेच राहतो. नव्या मॉर्टरच्या वाट्याला फक्त नंतर येणारा भार येतो. आधी थोडा भार प्रॉपवर उचलून घेतला असेल, तरच प्रॉप काढल्यावर मॉर्टर आपला हिस्सा उचलायला लागतो.

फोडायच्या आधी रेघेच्या कडेने ग्राइंडरने सरळ खाच मारतो, सुमारे १० मिलिमीटर खोल. कड तिरकी, कागदासारखी पातळ राहिली, की तिथला मॉर्टर पहिल्या उन्हाळ्यातच उचलतो. खाच मारताना रिंग कापली जाऊ नये हे पाहावं लागतं, कारण कागदावर ४० असलेलं कव्हर साइटवर कधी कधी १५ निघतं. पुढचं फोडणं छिन्नी आणि हलक्या हातोडीने. मोठा ब्रेकर आम्ही कॉलमला लावत नाही, चांगल्या काँक्रीटला त्याने बारीक चिरा जातात. खडी सुटायची थांबून फुटायला लागली, की चांगलं काँक्रीट लागलं असं समजतो.

सळई नवीन असेल, तर तारेच्या ब्रशने घासून पुरतं. बांधकाम बंद पडून पावसाळा गेला असेल आणि पापुद्रे निघण्याइतका गंज असेल, तर सळई सगळ्या बाजूंनी चकचकीत घासून तिच्यावर झिंकचा प्राइमर लावतो आणि तो सुकू देतो. सळई गंजून बारीक झाली असेल, तर जोडसळई द्यायची की नाही ते इंजिनिअर ठरवतात.

मग धुणं. धूळ राहिली, तर पुढचं सगळं त्या धुळीला चिकटतं. धुतल्यावर तो भाग काही तास, शक्यतो रात्रभर ओला ठेवतो आणि काम सुरू करण्याआधी वरचं पाणी टिपून घेतो. हात लावला तर गार लागावं, पण बोट ओलं होऊ नये. जुनं काँक्रीट कोरडं राहिलं, तर ते मॉर्टरमधलं पाणी ओढून घेतं. पाणी साचलं असेल, तर स्लरी पातळ होते.

जुनं काँक्रीट आणि नवा मॉर्टर जोडणाऱ्या बॉन्डिंग एजंटच्या बाबतीत गैरसमज फार आहेत. त्याला गोंद समजून लोक आदल्या दिवशी लावून ठेवतात. आम्ही बहुतेक ठिकाणी एसबीआर नावाचं लॅटेक्स वापरतो. ते डब्यावरच्या प्रमाणात सिमेंटमध्ये घोटून साईसारखं करतो आणि कडक केसांच्या ब्रशने काँक्रीटमध्ये आणि सळईभोवती घासून लावतो. ते चिकट असतानाच मॉर्टर त्यावर बसला पाहिजे. सुकलं, की त्याचा गुळगुळीत पडदा होतो आणि मग ते जोडायच्या ऐवजी वेगळं करतं. एप्रिलच्या दुपारी दहा-पंधरा मिनिटांतही ते सुकू शकतं. हे आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो. एका कॉलमला आमच्या माणसाने एसबीआर लावलं, तेवढ्यात डबे आले, जेवण झालं, आणि मग मॉर्टर भरला. दिसायला अगदी सुबक काम. महिन्याने ठोकलं तर भद्द. छिन्नी लावताच अख्खा तुकडा भाकरीसारखा सुटून हातात आला, मागची बाजू काचेसारखी चकचकीत. तेव्हापासून मॉर्टर घमेल्यात कालवून तयार झाल्याशिवाय ब्रश बुडवायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. जिथे भरायला वेळ लागणार, तिथे इपॉक्सी बॉन्डिंग एजंट वापरतो, ते जास्त वेळ चिकट राहतं. पण तेही ओलं असतानाच भरायचं, आणि पृष्ठभाग किती कोरडा हवा ते त्याच्या डब्यावर पाहायचं, कारण इपॉक्सीला एसबीआरसारखा ओलावा चालेलच असं नाही.

मॉर्टर आम्ही गोणीतला तयार, पॉलिमर असलेला, न आकसणारा घेतो. आपल्या खड्ड्याचं माप ३०० गुणिले ४०० गुणिले ८४ मिलिमीटर, म्हणजे १० लिटर. लिटरला दोन किलोच्या हिशोबाने साधारण २० किलो, थोडं वाया जाणार धरून २५ किलोची एक गोणी. ती एकदम कालवत नाही. पाच-पाच किलो कालवतो आणि पाणी मापाने घालतो. गवंड्याला सरकवायला सोपं जावं म्हणून मगभर पाणी जास्त पडलं, की ताकद गेली आणि चिरा आल्या.

भरण तीन थरांत. पहिला थर हातमोजा घालून सळईच्या मागे अंगठ्याने दाबत भरायचा, थापीचं तिथे काम नाही. सळईमागे हवा राहिली, तर एक पोळं काढून दुसरं घातल्यासारखं होतं. थर आवळला, की त्यावर ओरखडे मारून पुढचा थर. मधे रात्र गेली, तर पुन्हा धुणं आणि पुन्हा एसबीआर. शेवटचा थर कॉलमच्या ओळंब्यात आणून घोटायचा.

खोली १०० मिलिमीटरच्या वर जात असेल, किंवा पोळं रिंगांच्या आत कॉलमच्या गाभ्यात शिरलं असेल, तर हाताने थापायचा मॉर्टर आम्ही सुचवत नाही. तिथे शटरिंग लावून मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं वाहतं काँक्रीट, ओततात. त्याहून वाईट असेल, तर जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचं कवच, किंवा कॉलम तोडून पुन्हा भरणं. तो निर्णय इंजिनिअरचा. महाग वाटेल, पण त्या जागी पॅच स्वस्तात करून दिला तर आम्ही तुम्हाला फसवल्यासारखं होईल.

भरल्यावर ओलं गोणपाट गुंडाळून वरून प्लास्टिक. साध्या तयार मॉर्टरला सात दिवस, लॅटेक्स जास्त असलेल्याला एक-दोन दिवस ओलं ठेवून मग हवेत सुकू देतो. प्रॉप इंजिनिअर सांगतील तेव्हाच निघतात. सेंट्रिंगवाला "दुसऱ्या साइटला पाहिजेत" म्हणून मागायला येईल, त्याला देऊ नका.

काम झाल्यावर २८ दिवसांनी आम्ही पुन्हा येऊन तुमच्यासमोर ठोकून दाखवतो. कडेने केसाएवढी चीर दिसली किंवा आवाज भद्द आला, तर तेवढा भाग काढून आमच्या खर्चाने पुन्हा भरतो. तोपर्यंत त्या कॉलमला प्लॅस्टर करू नका, नाहीतर काही दिसायचं नाही.

फोन करायच्या आधी चार गोष्टी हाताशी ठेवा: पोळ्याशेजारी टेप धरून काढलेला फोटो, कॉलमच्या मागच्या बाजूचा फोटो, काँक्रीट ओतल्याची तारीख, आणि वर किती स्लॅब पडलेत ते. आणि मिस्त्री संध्याकाळी माल मारायला निघाला असेल, तर आधी त्याला थांबवा.