लॉस डायग्राम (सौर प्रकल्प, सोलापूर)

लॉस डायग्राम म्हणजे सौर प्रकल्पाच्या संगणकीय अंदाजातली एक आकृती. वर्षभर पडलेल्या उन्हापासून मीटरवर मोजल्या जाणाऱ्या युनिटांपर्यंत ऊर्जा कुठे कुठे आणि किती गळते, हे ती वरून खाली निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्यांतून दाखवते. भारतात बँका आणि सल्लागार या कामासाठी मुख्यतः पीव्हीसिस्ट हे स्वित्झर्लंडमधले सॉफ्टवेअर वापरतात. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाचे ऊन, हवेचे तापमान, पॅनेल आणि इन्व्हर्टर यांचा हिशेब मांडून ते वार्षिक उत्पादन काढते. अहवाल हाती आला की बहुतेक जण सुरुवातीच्या पानांवरचा युनिटांचा आकडा पाहतात. तो आकडा कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, हे मात्र डायग्रामच सांगतो. सोलापुरात त्यातली तापमानाची पायरी सगळ्यात आधी तपासावी.

उदाहरणादाखल अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्याच्या पत्र्याच्या छतावर १०० किलोवॅट क्षमतेची, दक्षिणेकडे १० अंश कललेली पॅनेले धरू. सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. सॉफ्टवेअरमध्ये जागा निवडली की हवामानाची फाईल घ्यावी लागते. मेटिओनॉर्म या हवामान-संचाची माहिती आत असतेच, शिवाय इतर स्रोतांची मागवता येते. दोन स्रोतांच्या वार्षिक उन्हात काही टक्क्यांचा फरक सहज निघतो, आणि तो फरक जवळपास तसाच अंतिम युनिटांत उतरतो. म्हणून दोन विक्रेत्यांचे अंदाज ताडून पाहताना आधी दोघांची पहिली ओळ जुळते का, ते पाहावे.

या उदाहरणात `Global horizontal irradiation`, म्हणजे सपाट जमिनीवर पडणारे ऊन, वर्षाला दर चौरस मीटर १,९५० युनिट धरले आहे. पॅनेले कलती असल्याने `Global incident in coll. plane` या ओळीवर सुमारे ३.५ टक्के वाढ दिसते आणि आकडा २,०१८ होतो. पुढे सावलीपायी १.५, काचेवरून तिरक्या किरणांच्या परावर्तनापायी २ आणि धुळीपायी ३ टक्के वजा होतात. उरते सुमारे १,८९०. इथे अहवाल पॅनेलचे क्षेत्रफळ आणि कार्यक्षमता यांचा गुणाकार करून `Array nominal energy` देतो. पडताळणीला सोपी युक्ती आहे: १,८९० ला १०० किलोवॅटने गुणायचे. सुमारे १,८९,००० युनिट यायला हवेत. उत्तर जुळले नाही, तर पॅनेलांची संख्या किंवा क्षमता भरताना चूक झाली आहे.

टक्के वाचताना एक नियम पाळायचा. प्रत्येक टक्केवारी लगेच वरच्या ओळीत उरलेल्या ऊर्जेची असते, मूळ उन्हाची नसते. त्यामुळे ते टक्के बेरजेने एकत्र करायचे नाहीत, गुणायचे. मंद उन्हातली घट ०.५ टक्के, तापमानाची ८, पॅनेलच्या सुरुवातीच्या दिवसांतली १.५, पॅनेला-पॅनेलांतल्या तफावतीची २, डीसी तारांची १, इन्व्हर्टरची २ आणि एसी तारांची ०.५, तर पॅनेलच्या दर्जामुळे ०.५ टक्के वाढ, असे एकामागून एक गुणत गेले की सुमारे १,६२,००० युनिट उरतात. २,०१८ गुणिले १०० या आदर्श उत्पादनाशी त्याचे गुणोत्तर ८०.३ टक्के येते. यालाच परफॉर्मन्स रेशो म्हणतात. सगळे तोटे नुसते बेरजेने वजा केले असते, तर ७८.५ टक्के आले असते.

आता `PV loss due to temperature` ही ओळ. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते आणि आजच्या सिलिकॉन पॅनेलांत त्यावरच्या प्रत्येक अंशाला, प्रकारानुसार, सुमारे ०.३ ते ०.३५ टक्के वीज कमी होते. पॅनेल किती तापते, हे मागून हवा किती खेळते यावर ठरते. सॉफ्टवेअर ते एका उष्णता-गुणांकात भरून घेते: मोकळ्या सांगाड्यावर २९, मागे हवेला थोडी वाट असेल तर २०, मागची बाजू पूर्ण बंद असेल तर १५. सोलापूरच्या मे महिन्यात हवा ४० अंश आणि ऊन ८०० वॅट प्रति चौरस मीटर असेल, तर २९ च्या हिशेबाने पॅनेल सुमारे ६० अंशांवर जाते, २० च्या हिशेबाने ६८ वर. पत्र्यावर चार-सहा इंच उंचीच्या रेलवर बसवलेल्या पॅनेलाला २९ धरणे माझ्या मते चुकीचेच आहे. तापलेला पत्रा खालून वेगळी उष्णता देतो, ती तर या सूत्रात धरलेलीच नाही. गुणांक २० केला की वर्षाचा तापमान-तोटा ८ वरून साधारण १०.५ टक्क्यांवर जातो, उत्पादन १,५७,५०० युनिटांच्या आसपास येते आणि परफॉर्मन्स रेशो ७८ होतो. एका चौकटीतला एक आकडा बदलला आणि वर्षाला साडेचार हजारांच्या जवळपास युनिट गेले. सोलापूरच्या पत्र्याच्या छताच्या अहवालात हा तोटा सात-आठ टक्केच दिसला, तर गुणांक किती धरला हे विक्रेत्याला विचारावे.

धुळीची ओळही जशीच्या तशी मान्य करू नये. वर्षभर सरसकट ३ टक्के धरणे सोपे असते, पण पाऊस इथे मुख्यतः जून ते सप्टेंबरात पडतो, आणि नंतरचे महिने कोरडे जातात. साखर कारखान्याजवळ असाल तर गाळप हंगामात चिमणीची राखही पॅनेलांवर बसते. सॉफ्टवेअर महिन्यागणिक वेगळा टक्का घेते. पावसाळ्यात १ आणि फेब्रुवारी-मार्चात ५ असे भरले, तर भर उन्हाच्या महिन्यांतला तोटा खरा दिसतो. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास काचेवर क्षारांचे डाग राहतात, हेही टक्का ठरवताना लक्षात ठेवायचे.

डायग्राममध्ये कधी एखादी ओळच नसते, आणि ते शोधायला सराव लागतो. `Near Shadings` ची ओळ नसेल, तर छताचे त्रिमितीय चित्र काढलेलेच नाही. मग पाण्याची टाकी, चिमणी, शेजारची इमारत हिशेबात नाही. टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी साखळीत जोडलेल्या बाकीच्या पॅनेलांचा प्रवाहही अडतो. त्यामुळे `Shadings: Electrical Loss` ही वेगळी ओळ असते आणि ती उन्हाच्या तोट्याहून मोठी असू शकते. वीज गेल्यावर ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर सुरक्षेसाठी बंद होतो. तो काळ कोणी भरला नाही, तर अंदाजात तो शून्यच राहतो.

आकृतीतले उत्पादन सरासरी वर्षाचे असते, म्हणजे साधारण निम्म्या वर्षांत त्याहून कमी येणारच. ऊन आणि गृहीतके मिळून ५ टक्के अनिश्चितता धरली, तर दहापैकी नऊ वर्षे पार होईल असा आकडा ६.४ टक्क्यांनी खाली, इथे १,५७,५०० वरून सुमारे १,४७,५०० युनिट येतो. कर्जाचा हप्ता ठरवताना तोच वापरावा. प्रकल्प सुरू झाल्यावर नुसते युनिट ताडून पाहू नयेत. कलत्या पातळीवरचे ऊन मोजणारा सेन्सर लावून महिन्याचा परफॉर्मन्स रेशो अहवालातल्या त्याच महिन्याशी जुळवावा. मे महिन्यात तो डिसेंबरपेक्षा काही टक्क्यांनी कमी येणे स्वाभाविक आहे. डिसेंबरातही खाली राहिला, तर धूळ, सावली किंवा बंद पडलेली साखळी शोधायला हवी.