निळ्या आकाशात पट्टे कुठून येतात?

नागपुरात कार्यक्रमांचा हंगाम सुरू झाला, की रेशीमबागेपासून कस्तुरचंद पार्कापर्यंत व्यासपीठामागे एलईडी वॉल उभ्या राहतात. पडद्यावर बहुतेकदा गडद निळं आकाश असतं, एका कडेला काळपट आणि दुसऱ्या कडेला उजळत जाणारं. डिझाइन करणाऱ्याच्या संगणकावर ते गुळगुळीत दिसत होतं. वॉलवर मात्र त्यात वीत-वीत रुंदीचे उभे पट्टे दिसतात. मग दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, पडदा खराब आहे. दुसरी, फाइल ३०० डीपीआयला किंवा ४के मध्ये पुन्हा एक्सपोर्ट करा.

डीपीआय म्हणजे छपाईत एका इंचात किती ठिपके बसवायचे याची नोंद. रंगांच्या पायऱ्यांशी तिचा काही संबंध नाही, आणि ती वाढवून पट्टे जातील हा समज निव्वळ श्रद्धेवर चालतो. ४के केल्याने तर प्रत्येक पट्टा दुप्पट पिक्सेल रुंद होतो. पट्टे तेवढेच राहतात.

खरं कारण फाइलमधल्या आकड्यांत आहे. आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला पूर्णांक. २५६ गुणिले २५६ गुणिले २५६ म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख रंग. एवढे रंग असताना पायऱ्या कशा दिसतील, असं वाटणं साहजिक आहे. पण एखादा ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू होणारा बदल, या कोट्यवधी रंगांतून फिरत नसतो. तो एका अरुंद वाटेने जातो, आणि त्या वाटेवर फार थोडे रंग असतात.

आपलं आकाश घेऊ. डाव्या कडेचा रंग लाल १६, हिरवा २४, निळा ४८. उजव्या कडेचा ४०, ५६, ९६. रुंदी १९२० पिक्सेल. या प्रवासात लाल २४ पायऱ्या चढतो, हिरवा ३२ आणि निळा ४८. म्हणजे लाल दर ८० पिक्सेलला एकदा बदलतो, हिरवा दर ६० ला, निळा दर ४० ला. मधल्या किमती, उदाहरणार्थ हिरव्याची २५.३, फाइलमध्ये लिहिताच येत नाहीत. त्या जवळच्या पूर्णांकात बसवल्या जातात. डावीकडून ३० ते ९० पिक्सेलपर्यंत हिरवा सरसकट २५ असतो आणि त्यानंतर एकदम २६ होतो.

तिन्ही रंगांच्या उड्या वेगवेगळ्या जागी पडतात, त्यामुळे एकूण १०४ कडा तयार होतात. डोळ्याला त्या सगळ्या सारख्या दिसत नाहीत. आपल्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. आपल्या आकाशाच्या गडद कडेला हिरवा एक पायरी चढला, की त्या जागेचा उजेड सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. लाल किंवा निळा चढला तर वाढ एका टक्क्याच्याही आत राहते. अनुकूल परिस्थितीत डोळा साधारण एक टक्का फरक ओळखतो. म्हणजे जे पट्टे उठून दिसतात ते मुख्यतः हिरव्याचे, ६० पिक्सेल रुंदीचे. एलईडी वॉलचे दोन दिवे ३.९ मिलिमीटर अंतरावर असतील तर ६० पिक्सेल म्हणजे २३ सेंटिमीटर. बरोबर एक वीत.

गडद भागातच हे जास्त का दिसतं, तेही यातून कळतं. नेहमीच्या एसआरजीबी मापात राखाडी रंग २० वरून २१ झाला तर उजेड ७ टक्क्यांनी वाढतो, २०० वरून २०१ झाला तर फक्त एका टक्क्याने. दुपारच्या फिक्या आकाशात पट्टे क्वचित दिसतात, संध्याकाळनंतरच्या आकाशात हटकून दिसतात.

त्यात डोळा आणखी भर घालतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये दाखवलं, की दोन सपाट छटा एकमेकींना भिडतात तिथे उजळ बाजूची कड अधिक उजळ आणि गडद बाजूची कड अधिक गडद भासते. दृष्टिपटलावरच्या पेशी शेजारच्या पेशींचा प्रतिसाद दाबतात, त्याचा हा परिणाम. कडा शोधायला ही रचना फार उपयोगी आहे, पण ग्रेडियंटच्या बाबतीत तीच आड येते.

आता उपाय. तो पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो: चित्रात मुद्दाम नॉइज मिसळायचा. पण कधी मिसळायचा, यावर सगळं अवलंबून आहे.

डावीकडून ७८ व्या पिक्सेलचा स्तंभ घ्या. तिथे हिरव्याची खरी किंमत २५.३ आहे. नुसतं पूर्णांकात बसवलं तर त्या स्तंभातला प्रत्येक पिक्सेल २५ होतो आणि ०.३ ची माहिती कायमची जाते. त्याऐवजी पूर्णांकात बसवण्याआधी प्रत्येक पिक्सेलमध्ये उणे ०.५ ते अधिक ०.५ यांमधली एक यादृच्छिक संख्या मिळवा. आता बेरीज २४.८ ते २५.८ यांमध्ये कुठेही पडेल. ती २५.५ च्या वर जाण्याची शक्यता ३० टक्के आहे. म्हणून शंभरातले सुमारे ३० पिक्सेल २६ होतात, ७० पिक्सेल २५ राहतात आणि सरासरी येते २५.३. गेलेला ०.३ पिक्सेलांच्या प्रमाणात परत आला. तांदळात थोडे तीळ मिसळले तर लांबून दाणे न दिसता एक मधली छटा दिसते, तसंच डोळा शेजारच्या पिक्सेलांची सरासरी करतो. थोडं पुढे खरी किंमत २५.४ झाली की २६ चे पिक्सेल ४० टक्के होतात. कुठेही कड उरत नाही. यालाच डिदरिंग म्हणतात. चित्रांसाठी पूर्णांकात बसवण्याआधी नॉइज मिसळण्याची ही पद्धत लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये मांडली.

हाच नॉइज नंतर, म्हणजे तयार आठ बिटांच्या फाइलवर टाकला तर? त्या स्तंभातले सगळे पिक्सेल आधीच २५ झालेले आहेत. नॉइज टाकून सरासरी २५ च राहील. पायरी तिथेच असते, फक्त तिच्यावर दाणे पसरतात, आणि ती झाकायची तर दाणे बरेच मोठे लागतात. आठ बिटांच्या फाइलवर फिल्टर मारून समाधान होत नाही ते यामुळे.

आधी मिसळलेल्या साध्या नॉइजमध्येही एक बारीक दोष आहे. ६० व्या पिक्सेलवर खरी किंमत नेमकी २५.० आहे, तिथे सगळे पिक्सेल २५ होतात आणि भाग गुळगुळीत राहतो. ९० व्या पिक्सेलवर ती २५.५ आहे, तिथे निम्मे २५ आणि निम्मे २६, म्हणजे सर्वांत जास्त दाणे. दर ६० पिक्सेलला गुळगुळीत आणि दाणेदार भाग आलटून पालटून येतात, आणि बारकाईने पाहणाऱ्याला पट्टे पुन्हा दिसतात, या वेळी दाण्यांचे. यावरचा उपाय फार सुंदर आहे. एकाऐवजी दोन यादृच्छिक संख्यांची बेरीज वापरा. मग नॉइज उणे १ ते अधिक १ असा पसरतो, मध्याजवळ जास्त आणि टोकांकडे कमी, त्रिकोणी आकारात. त्यामुळे दाण्यांचं प्रमाण सगळीकडे एकसारखं होतं. खरी किंमत २५.० असो वा २५.५, त्रुटीचं प्रमाणित विचलन अर्ध्या पायरीएवढंच राहतं. सरासरी तर बरोबर असतेच.

पायथनमध्ये हे सगळं इतकंच:

```python
import numpy as np
from PIL import Image

w, h = 1920, 1080
t = np.linspace(0, 1, w)[None, :, None]
a = np.array([16.0, 24.0, 48.0])
b = np.array([40.0, 56.0, 96.0])
img = np.repeat(a + (b - a) * t, h, axis=0)

rng = np.random.default_rng()
n = rng.random(img.shape) + rng.random(img.shape) - 1
out = np.clip(np.floor(img + n + 0.5), 0, 255)
Image.fromarray(out.astype(np.uint8)).save("sky.png")
```

नॉइज तिन्ही रंगांसाठी वेगवेगळा घेतला आहे. एकच घेतला तर तिन्ही रंग एकदम वर-खाली होतात आणि उजेडातले दाणे जास्त जाणवतात. ग्रेडियंट शुद्ध काळ्यापर्यंत जात असेल तर एक गोष्ट सांभाळावी. शून्याखाली जागा नसल्याने तिथला नॉइज फक्त वर जाऊ शकतो, आणि काळ्या भागात प्रत्येक रंगाच्या आठांपैकी साधारण एका पिक्सेलला १ मिळतो. अंधाऱ्या सभागृहात ते ठिपके दिसू शकतात. तेवढ्या भागात नॉइज बंद ठेवावा.

कोड लिहायचा नसेल तर फाइल सुरुवातीपासून १६ बिटांत ठेवा आणि आठ बिटांत अगदी शेवटी उतरवा. गिम्पमध्ये ग्रेडियंट टूलखाली Dithering चा चौकोन असतो, आणि `Image > Precision` मधून बिट कमी करतानाही डिदरिंग निवडता येतं. त्यानंतर चित्राचा आकार बदलू नका, कर्व्ह्ज लावू नका. आकार लहान करताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी होऊन २५.३ परत मिळतो खरा, पण तो लगेच पुन्हा पूर्णांकात बसवला जातो, आणि पट्टे हजर.

एक्सपोर्ट बिघडतो तो बहुधा जेपेगमुळे. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करतो, प्रत्येकाचं रूपांतर ६४ लहरींत करतो आणि प्रत्येक लहरीची उंची ठरावीक मापाच्या पटीत बसवतो. नेहमीच्या तक्त्यांत क्वालिटी ९० ला उजेडासाठी ही मापं २ ते २४ असतात. आपल्या डिदरच्या लहरींची उंची साधारण अर्धी पायरी किंवा त्याहून कमी. त्यामुळे जवळजवळ सगळ्या शून्यात जातात. चौकोनात सरासरी तेवढी उरते, फाइल उघडताना तीही पूर्णांकात बसते आणि पट्टे परत येतात, या वेळी कडांना चौकोनी दाते घेऊन. कमी बिटरेटच्या आठ बिटांच्या व्हिडिओतही असंच घडतं.

म्हणून वॉलसाठी पीएनजी द्या, तीही प्रत्येक रंगाला आठ बिटांची. पीएनजी-८ नावाचा पर्याय वेगळा आहे, त्यात संपूर्ण चित्राला मिळून २५६ च रंग मिळतात. दाणे दाबून बसवता येत नाहीत, त्यामुळे काही केबींची फाइल एमबीच्या घरात जाईल. ती व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर वाटेत जेपेग होते. जेपेगच हवी असेल तर क्वालिटी सर्वांत वर ठेवा आणि नॉइज दोन-तीन पायऱ्यांचा घ्या, म्हणजे त्यातला काही टिकतो.

मोबाइलच्या जाहिरातीत हल्ली १.०७ अब्ज रंग लिहिलेले असतात. ते १०२४ चा घन करून आलेले, म्हणजे दहा बिटांचे. पण आठ बिटांच्या फाइलमधली हरवलेली पायरी दहा बिटांचा पडदा आणणार कुठून? आणि अनेक पडदे हे आकडे स्वतः डिदर करूनच गाठतात, शेजारच्या दोन छटा भराभर आलटून पालटून दाखवत.

दोष कुठे आहे ते पिक्सेलच्या रंगाचे आकडे दाखवणाऱ्या आयड्रॉपरने पाच मिनिटांत कळतं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तो टेकवा. आकड्यांत १ चा फरक असेल तर डिदरिंग झालेलं नाही. २ किंवा ३ चा असेल तर आठ बिटांत उतरवल्यानंतर कोणीतरी कर्व्ह्ज किंवा लेव्हल्स ताणले आहेत, आणि मागे १६ बिटांच्या फाइलकडेच जावं लागेल. कडा आठ-आठ पिक्सेलांवर मोडत असतील तर जेपेग. आणि ८०० टक्के झूम केल्यावर २५ आणि २६ चे पिक्सेल एकमेकांत विखुरलेले दिसत असतील, तर फाइल बरोबर आहे आणि शोध वॉलच्या प्रोसेसरमध्ये घ्यायचा.