साध्या बेरजेपासून भारित सरासरीपर्यंत: किंमत निर्देशांकाची पार्श्वभूमी

किमती आणि नगसंख्यांच्या तक्त्याचा फोटो समोर असतो आणि त्यावरून निर्देशांक काढायचा असतो. अशा वेळी कुठलं सूत्र लावायचं, हे तक्त्यातले रकानेच सांगतात. त्यामागे जवळपास दोनशे वर्षांचा वाद आहे. पुढचा तक्ता घेऊन तो पाहू. p म्हणजे किंमत, q म्हणजे नग. 0 आधार वर्षासाठी, 1 चालू वर्षासाठी.

| वस्तू | p0 | q0 | p1 | q1 |
|---|---|---|---|---|
| अ | 20 | 50 | 25 | 45 |
| ब | 5 | 100 | 8 | 80 |
| क | 400 | 2 | 420 | 3 |

फ्रान्समध्ये 1738 साली द्युतो यांनी बाराव्या लुईच्या आणि पंधराव्या लुईच्या काळातल्या किमतींची तुलना केली. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत अगदी सरळ आहे: चालू किमतींची बेरीज भागिले आधार वर्षाच्या किमतींची बेरीज, गुणिले 100. इथे 453 भागिले 425, म्हणजे 106.6. ब तब्बल 60 टक्के महागली तरी आकडा जेमतेम हलला, कारण बेरजेत एकट्या क चे 400 आहेत. आता क ची किंमत शंभराव्या भागाची लिहा, म्हणजे 4 आणि 4.20. बाजारात काहीही न बदलता तोच निर्देशांक 128.3 होतो. एकक बदललं की उत्तर बदलतं, हा या रीतीचा मूळ दोष.

इटलीतल्या कार्ली यांनी 1764 मध्ये धान्य, वाइन आणि ऑलिव्ह तेलाच्या 1500 व 1750 च्या सुमाराच्या किमती ताडून पाहिल्या. त्यांनी प्रत्येक वस्तूचं p1/p0 गुणोत्तर काढून त्यांची सरासरी घेतली. आपल्या तक्त्यात 125, 160 आणि 105, सरासरी 130. एककाची अडचण सुटली, पण खर्चात मोठा वाटा असलेली वस्तू आणि नगण्य वस्तू इथे सारख्याच मोजल्या जातात. शिवाय चालू वर्षच आधार मानून उलटा हिशेब केला तर 79.2 येतात. 130 आणि 79.2 टक्के यांचा गुणाकार 100 टक्के यायला हवा, तो येतो 103 च्या आसपास. म्हणजे ही रीत वाढ फुगवून दाखवते. 1863 मध्ये जेव्हन्स यांनी गुणोत्तरांची भूमितीय सरासरी घेतली (इथे 128.1), त्यात हा फुगवटा उरत नाही. भाराचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

भार देण्याची कल्पना जेव्हन्सच्या आधीची. आर्थर यंग यांनी 1812 मध्ये गव्हाला पाचपट वजन देऊन सरासरी काढली होती. तिला नेमकं सूत्र मिळालं ते जर्मनीत: लास्पेअर यांनी 1871 मध्ये आधार वर्षाचे नग धरले, पाश्चे यांनी 1874 मध्ये चालू वर्षाचे.

लास्पेअर: Σp1q0 = 1250 + 800 + 840 = 2890, Σp0q0 = 1000 + 500 + 800 = 2300, निर्देशांक 125.7.
पाश्चे: Σp1q1 = 3025, Σp0q1 = 2500, निर्देशांक 121.0.

महागलेल्या वस्तूंकडून लोक स्वस्त पडणाऱ्यांकडे वळले, म्हणून पाश्चेचा आकडा खाली आला. बहुधा असंच होतं. फिशर यांनी 1922 मध्ये या दोहोंच्या भूमितीय सरासरीला ‘आदर्श’ म्हटलं. इथे ती 123.3. तक्त्यात नगांचा एकच रकाना असेल तर तो कोणत्या वर्षाचा ते आधी पाहावं: q0 असेल तर लास्पेअर, q1 असेल तर पाश्चे. दर महिन्याला नव्याने नग मोजणं महागडं, त्यामुळे सरकारी निर्देशांक बहुतेक लास्पेअरच्या वळणाचे असतात.

भारित सरासरीत सर्वाधिक चुका होतात त्या भार निवडताना. किमतींच्या गुणोत्तरांना भार खर्चाचा द्यायचा, म्हणजे p0q0. नुसत्या नगांचा नाही. (125×1000 + 160×500 + 105×800) भागिले 2300, हे पुन्हा 125.7 च. त्याऐवजी 50, 100 आणि 2 हे नग भार म्हणून वापरले तर 147.8 येतात, कारण स्वस्त पण नगांनी जास्त असलेली ब वस्तू सगळा आकडा ओढते. नगांनी थेट गुणायचं ते किमतींना, गुणोत्तरांना नाही.

फोटोमुळे येणारे घोटाळे वेगळे. तिरक्या फोटोत एका ओळीची किंमत शेजारच्या ओळीच्या नगांशी जुळवली जाते. दशांशचिन्ह पुसट होतं. 8 चा 3 दिसतो. ब ची चालू किंमत 3 वाचली तर लास्पेअर निर्देशांक 103.9 होतो, आणि तो अगदी खरा वाटतो. म्हणून बेरजा करण्याआधी प्रत्येक ओळीचं p1/p0 काढावं. बाकीच्या दोन्ही वस्तू महागल्या असताना ब चे 60 तिथेच डोळ्यांत भरतात. तक्त्याखाली एकूण रक्कम छापली असेल तर आपली Σp0q0 तिच्याशी ताडून पाहावी. p0 किंवा q0 वाचण्यातली चूक त्यात सहसा सापडते, p1 मधली मात्र सापडत नाही, कारण त्या बेरजेत p1 नसतेच.