व्ही ग्रिप की पॅनहँडल, आणि कुशीवर उभं राहायचं की छाती नेटकडे?

नवीन खेळणाऱ्याच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट दिली की शंभरातले बहुतेक जण ती तव्यासारखी धरतात, म्हणजे जाळी जमिनीला समांतर, जणू पोळी भाजायचीय. ह्यालाच पॅनहँडल ग्रिप म्हणतात. गच्चीवर, अंगणात खेळलेल्या प्रत्येकाची हीच सवय असते कारण तिच्यात जाळी आपोआप समोरच्याकडे तोंड करून असते, नुसतं टोलवलं की शटल जातं. दुसरी व्ही ग्रिप, क्लबमधे पहिल्याच दिवशी शिकवतात ती, आणि लांबून बघितलं तर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून खूप जणांना वाटतं आपली व्हीच आहे.

फरक हातात बघायचा. डाव्या हाताने रॅकेटची दांडी धरा, रॅकेट उभी, म्हणजे फ्रेमची पातळ कड जमिनीकडे आणि जाळी डावी-उजवीकडे तोंड करून. आता हँडलशी शेकहँड करा. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे जो व्ही तयार होतो त्याचं टोक फ्रेमच्या पातळ कडेच्या रेषेत आलं पाहिजे. हात न हलवता वरून खाली बघितलं तर रॅकेट एका रेघेसारखी दिसते. पॅनहँडलमधे तोच व्ही हँडलच्या रुंद सपाट बाजूवर येतो आणि वरून बघितलं की पूर्ण जाळी दिसते. एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरे. (हे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी बाजू उलट्या धराव्यात.)

आता व्ही ग्रिपचा एवढा आग्रह कशासाठी, ते डोक्यावरून मारायच्या शॉटमधे कळतं, क्लिअर म्हणजे शटल उंच मारून पलीकडच्या मागच्या लाइनकडे पाठवणं, किंवा स्मॅश. तिथली ताकद नुसती दंडातून येत नाही, कोपरापासून खालचा हात गर्रकन वळण्यातूनही येते, कोच लोक त्याला प्रोनेशन म्हणतात. उजव्या हाताने छतातला बल्ब फिरवून काढताना हात जसा वळतो ना, अगदी तसंच, फक्त झटक्यात. व्ही ग्रिपमधे रॅकेट शटलकडे कड पुढे करून येते आणि शेवटच्या क्षणी हात वळला की जाळी समोर उघडते. पॅनहँडलमधे जाळी आधीच उघडी, मग वळायला काही उरतच नाही, हात हातोडी मारल्यासारखा नुसता वरून खाली येतो आणि शटल अर्ध्या कोर्टात पडतं.

हे नुसत्या डोळ्यांनी दिसणं अवघड आहे. फोनवर स्लो मोशन लावा, २४० एफपीएस, म्हणजे सेकंदाला २४० फ्रेम, असेल तर उत्तम, १२० चालेल. साध्या ३० एफपीएसच्या व्हिडिओत दोन फ्रेमच्या मधे सुमारे ३३ मिलिसेकंद जातात आणि नेमकं वळणं त्याच फटीत निसटतं, २४० ला ती फट जेमतेम ४ मिलिसेकंदाची होते. फोन नेटच्या पलीकडे, खेळणाऱ्याच्या समोर ठेवा, बॅगेला टेकवून ठेवला तरी चालतो. मग शटल लागतं ती फ्रेम शोधा आणि तिथून चार-पाच फ्रेम मागे या. रॅकेट पातळ रेघ दिसली तर व्ही ग्रिप, जाळीचा लंबगोल दिसला तर पॅनहँडल. मग फटक्यानंतरची फ्रेम बघा, तळवा बाहेर उजवीकडे वळला असेल तर हात वळलाय, तळवा अजून डावीकडे, स्वतःच्या डोक्याकडेच बघत असेल तर नाही वळला.

इथपर्यंत ग्रिप झाली, पण माझं म्हणणं असं की ग्रिप आणि उभं राहणं ह्या दोन वेगळ्या चुका नाहीतच, त्या एकमेकींना धरून असतात. तवा धरणारा माणूस छाती नेटकडे करून उभा राहतो कारण त्याला वळायची गरजच पडत नाही. व्ही ग्रिपला मात्र कुशीवर उभं राहणं लागतं: उजवा पाय मागे, डावा पुढे, वजन मागच्या पायावर, डावा खांदा नेटकडे, डावा हात वर शटलकडे आणि उजवं कोपर साधारण खांद्याच्या उंचीला. मग आधी कंबर वळते, तिच्यामागे खांदा, मग कोपर, आणि सगळ्यात शेवटी तो बल्बवाला झटका.

माझ्या शेजाऱ्याचं उदाहरण सांगतो. वय अडतीस, लहानपणापासून गच्चीवर खेळलेला, तब्येतीने माझ्यापेक्षा दणकट, पण बेसलाइनवरून मारलेला क्लिअर पलीकडच्या कोर्टाच्या मध्यावरच पडायचा, तो म्हणायचा खांद्यात जोर नाही. समोरून व्हिडिओ काढला, लंबगोल स्वच्छ दिसत होता आणि दोन्ही पाय एका रेषेत. ग्रिप बदलून दिली तर पुढच्या दहातली सहा-सात शटल फ्रेमवर लागली किंवा डावीकडे बाहेर गेली आणि तो वैतागून परत तव्यावर आला. जवळजवळ सगळे इथेच सोडतात. खरं तर शटल डावीकडे जाणं म्हणजे ग्रिप बरोबर आहे पण हात अजून वळत नाहीये, कारण शेकहँडमधे जाळीचं तोंड मुळात डावीकडेच असतं, हात वळला तरच ते समोर येणार.

म्हणून आम्ही खेळणं थांबवलं आणि पार्किंगमधल्या पाइपला दोऱ्याने शटल टांगलं, हात आणि रॅकेट पूर्ण वर केली की जाळीच्या मधोमध येईल एवढ्या उंचीवर. रोज तीस फटके, त्यातले पहिले दहा अगदी सावकाश, कड पुढे, कड पुढे, आता वळव, असं तोंडाने म्हणत. आठव्या दिवशी लक्षात आलं की तो हँडल मुठीत करकचून धरतोय, त्याने मनगट आणि खालचा हात दोन्ही जखडतात. तळवा आणि हँडलमधे थोडी पोकळी ठेवायची, पहिलं बोट बंदुकीच्या घोड्यावर असतं तसं थोडं वर, आणि बोटं आवळायची ती फक्त शटल लागताना. हे जमल्यावर फटक्याचा आवाज बदलला, आधी थप्प यायचा तो टण्ण झाला, त्याच्या आधी कधी त्याने तो आवाज स्वतःच्या रॅकेटमधून ऐकला नव्हता.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी नाहीतर अर्धवट होईल. पॅनहँडल ही चुकीची ग्रिप नाही, नेटच्या अगदी जवळ शटल वर उभं राहिलं की छोट्या टपलीने खाली मारताना चांगले खेळाडूही ग्रिप तिच्याकडे सरकवतात, तिथे वळायला वेळ नसतो आणि जोरही नको असतो. तसंच छाती नेटकडे करून, पाय खांद्यापेक्षा जास्त फाकवून, गुडघे वाकवून, रॅकेट कमरेपुढे धरून उभं राहणं हे समोरच्याच्या स्मॅशसाठी एकदम बरोबर, कारण शटल दोन्हीपैकी कुठल्याही बाजूला येऊ शकतं. तिथे कुशीवर उभे राहिलात तर एक बाजू उघडी पडते.

शेजाऱ्याचा क्लिअर तीन आठवड्यांनी मागच्या लाइनच्या हातभर अलीकडे पडायला लागला. तिसऱ्या गेममधे दमला की अजूनही तवा परत येतो, त्याच्याआधी पाय एका रेषेत येतात, म्हणून मी आता त्याच्या हाताकडे बघतच नाही, पायांकडे बघून ओरडतो.